एकच पुस्तक, दोन किमती

एकाच विक्रेत्याने एकच वस्तू वेगवेगळ्या ग्राहकांना वेगवेगळ्या किमतीला विकली आणि त्या फरकामागे खर्चातला फरक नसला, तर त्याला अर्थशास्त्रात मूल्यभेद म्हणतात. चंद्रपूरचे सिमेंट मुंबईत महाग पडते ते वाहतुकीमुळे. तो मूल्यभेद नव्हे. पण अमेरिकेत शंभर-दीडशे डॉलरला विकले जाणारे अभियांत्रिकीचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात काहीशे रुपयांत मिळते, तेव्हा कागद आणि छपाईतली बचत एवढ्या मोठ्या फरकाचा हिशेब देऊ शकत नाही.

असा भेद करायला तीन गोष्टी जुळून याव्या लागतात. पहिली म्हणजे किंमत ठरवण्याची ताकद. मंडईतल्या कांदेवाल्याने एखाद्याला जास्त भाव सांगितला, तर गिऱ्हाईक शेजारच्या गाळ्यावर जाते. प्राध्यापकांनी नेमून दिलेल्या पुस्तकाचे मात्र तसे नसते. त्याचा प्रकाशक एकच असतो आणि विद्यार्थ्यापुढे पर्याय जवळजवळ नसतो.

दुसरी अट ग्राहकांचे गट ओळखता येण्याची. किंमत वाढल्यावर मागणी किती घटते, हे प्रत्येक गटात वेगळे असले पाहिजे. अमेरिकी विद्यार्थी कुरकुर करत का होईना, महाग पुस्तक घेतो. भारतीय विद्यार्थी तेवढ्या किमतीला ते घेऊच शकत नाही. कोणाची ऐपत किती, हे प्रत्येकाला विचारत बसण्याची प्रकाशकाला गरज नसते. देश पाहिला की ढोबळ उत्तर मिळते.

तिसरी अट सर्वांत नाजूक: स्वस्तात घेणाऱ्याला ती वस्तू महाग बाजारात विकता येऊ नये. भारतीय आवृत्त्यांच्या मुखपृष्ठावर ‘केवळ भारतीय उपखंडात विक्रीसाठी’ अशा अर्थाची सूचना छापतात, ती याचसाठी. पातळ कागद, साधी बांधणी, रंगीत चित्रांच्या जागी काळी-पांढरी, यांनी खर्च वाचतो हे खरे. पण ज्याला महाग प्रत परवडते त्याचे मन स्वस्त प्रतीकडे वळू नये, हाही त्यामागचा एक हेतू असू शकतो. फ्रेंच अभियंता ज्यूल द्यूप्वी याने १८४९ मध्ये रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाबद्दल नेमके हेच लिहिले होते. त्या डब्यांना छप्पर नसे, ते छपराचे पैसे वाचावेत म्हणून नव्हे, तर दुसऱ्या वर्गाचे भाडे देऊ शकणाऱ्याने तिसऱ्यात बसू नये म्हणून.

ही तिसरी अट मोडली की काय होते, ते एका काल्पनिक हिशेबातून दिसते. अमेरिकेत हजार विद्यार्थी एका पुस्तकाला ८,००० रुपयांपर्यंत देऊ शकतात आणि भारतात हजार विद्यार्थी ६०० रुपयांपर्यंत, असे धरू. प्रत छापायला दोन्हीकडे ३०० रुपये लागतात. लेखन-संपादनाचा खर्च आधीच होऊन गेलेला आहे. सगळीकडे ८,००० किंमत ठेवली तर फक्त अमेरिकेत खप होतो आणि ७७ लाख सुटतात. सगळीकडे ६०० ठेवली तर दोन हजार प्रती खपूनही ६ लाखच हाती येतात. दोन बाजारांत दोन किमती लावल्या तर ७७ आणि ३, असे ८० लाख. भारतीय विद्यार्थ्यालाही पुस्तक मिळते.

आता निम्म्या अमेरिकी विद्यार्थ्यांनी कोणा मधल्या व्यापाऱ्याकडून भारतीय प्रत मागवली, असे समजू. प्रकाशकाचे अमेरिकेतले ७७ लाख ३८.५ लाखांवर येतात. भारतातला खप पाचशे प्रतींनी वाढतो, पण त्यातून दीड लाखच जादा मिळतात. एकूण ४३ लाख. म्हणजे भारतात स्वस्त प्रत काढलीच नसती तर बरे, असा प्रकाशकाचा हिशेब होतो. पुनर्विक्री मोकळी झाली की महाग बाजारातली किंमत उतरेलच असे नाही; स्वस्त आवृत्तीच बंद पडू शकते किंवा महागू शकते. मूल्यभेदाला सरसकट लूट म्हणणाऱ्यांच्या नजरेतून ही बाजू नेहमी सुटते.

हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. सुपाप किर्तसेंग हा थायलंडचा विद्यार्थी १९९७ मध्ये अमेरिकेत शिकायला आला. थायलंडमधल्या नातेवाईक-मित्रांकरवी तो तिथली स्वस्त पाठ्यपुस्तके मागवून अमेरिकेत विकू लागला. जॉन वायली या प्रकाशनसंस्थेने त्याच्यावर दावा लावला आणि खालच्या न्यायालयात त्याला सहा लाख डॉलरची भरपाई सुनावली गेली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा मतांनी निकाल फिरवला. कायदेशीरपणे छापलेली प्रत एकदा विकली की ती पुढे कोणाला विकायची हे खरेदीदार ठरवील, मग ती परदेशात छापलेली का असेना. बाजाराची वाटणी करून वेगवेगळ्या किमती लावणे हा प्रकाशकाचा कायद्याने मिळालेला हक्क नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केले.

कायद्याची भिंत पडली तरी वस्तूचे रूप बदलून ती पुन्हा उभारता येते. गृहपाठाच्या संकेतस्थळावर एकदाच चालणारा सांकेतिक क्रमांक पुस्तकासोबत दिला, तर वापरलेल्या प्रतीची किंमत आपोआप घसरते. ई-पुस्तकात तर विद्यार्थ्याला सहसा प्रत मिळतच नाही, मिळतो तो वाचण्याचा परवाना; आणि तो परवाना दुसऱ्या कोणाला विकता येत नाही.