वही आणि कोठी: शाळेच्या धान्याचा रोजचा हिशेब

आपल्यातल्या कितीतरी जणी बचत गटातर्फे शाळेत पोषण आहार शिजवतात. धान्याची साठा नोंदवही मुख्याध्यापकांकडे असते, पण कोठीतून तांदूळ आणि डाळ काढतो आपण. तपासणीत धान्य कमी निघालं, की बोट आधी स्वयंपाकघराकडे जातं. म्हणून ही वही कशी चालते आणि तिच्यात कुठे गडबड होते, ते आपल्यालाही कळायला हवं. आज आम्ही तेवढंच सांगणार आहोत.

वहीत रोज एक ओळ भरायची असते. मागील शिल्लक, आज आलेला माल म्हणजे जमा, त्या दोन्हींची बेरीज, आजचा खर्च आणि अखेर शिल्लक. आजची अखेर शिल्लक हीच उद्याची मागील शिल्लक. सुट्टीच्या दिवशीही ओळ सोडायची नाही. ‘सुट्टी’ लिहून खर्च शून्य दाखवायचा आणि तीच शिल्लक पुढे न्यायची.

खर्च काढायचा तो ताटात बसलेल्या मुलांवरून, पटावरून नाही. पहिली ते पाचवीच्या मुलाला तांदूळ १०० ग्रॅम आणि डाळ किंवा कडधान्य २० ग्रॅम. सहावी ते आठवीच्या मुलाला तांदूळ १५० ग्रॅम आणि डाळ ३० ग्रॅम. समजा, सोमवारी लहान ६२ आणि मोठी ३८ मुलं जेवली. लहानांचा तांदूळ ६ किलो २०० ग्रॅम, मोठ्यांचा ५ किलो ७०० ग्रॅम, मिळून ११ किलो ९०० ग्रॅम. याच हिशेबाने मूगडाळ २ किलो ३८० ग्रॅम लागली.

मंगळवारी तांदळाच्या दोन गोण्या आल्या. गोणीवर ५० किलो छापलेलं असतं, पण वहीत ते लिहायचं नाही. गोणी काट्यावर ठेवायची आणि रिकाम्या गोणीचं वजन वजा करायचं. समजा, एक गोणी ५०.१०० भरली, दुसरी ४८.७००, आणि रिकामी गोणी ०.६००. म्हणजे खरा तांदूळ ४९.५०० आणि ४८.१००, एकूण ९७.६०० किलो. जमा म्हणून हाच आकडा लिहायचा, आणि माल आणणाऱ्याच्या पावतीवरही तोच लिहून सही घ्यायची. १०० किलो मिळाले अशी सही झाली, तर कमी आलेले २ किलो ४०० ग्रॅम त्याच दिवशी आपल्या नावावर चढतात.

तीन दिवसांचा तांदूळ वहीत असा दिसेल. आकडे किलोचे आहेत.

| वार | मागील शिल्लक | जमा | एकूण | खर्च | अखेर शिल्लक |
|---|---|---|---|---|---|
| सोमवार | ८४.६०० | – | ८४.६०० | ११.९०० | ७२.७०० |
| मंगळवार | ७२.७०० | ९७.६०० | १७०.३०० | ११.४०० | १५८.९०० |
| बुधवार | १५८.९०० | – | १५८.९०० | ११.८०० | १४७.१०० |

डाळी आणि कडधान्यं एकाच रकान्यात घालू नका. तूरडाळ, मूगडाळ, मसूर, मटकी, चवळी, जे असेल त्याचा रकाना वेगळा. ‘डाळ १२ किलो शिल्लक’ असं लिहिलेलं असतं, आणि वरणाच्या दिवशी डबा उघडला तर तूरडाळ संपलेली, उरलेली सगळी मटकीच.

कडधान्याची आणखी एक गोम आहे. उसळीची मटकी आपण आदल्या दिवशी भिजत घालतो. ती कोठीतून आज बाहेर पडते, पण खर्चात उद्या पडते. मध्येच कोणी वजन केलं तर कोठीत कमी आणि वहीत जास्त दिसतं. म्हणून भिजवण्याआधी कोरडी मटकी मोजायची आणि वहीत शेऱ्यात लिहायचं, ‘उद्यासाठी २.३०० भिजत’. एकदा भिजली की मोजून उपयोग नाही, पाण्याने तिचं वजन वाढलेलं असतं.

आता ताळा. महिन्याच्या शेवटच्या दिवशी स्वयंपाक झाल्यावर कोठीतलं प्रत्येक धान्य काट्यावर मोजायचं आणि त्या दिवसाच्या अखेर शिल्लकेशी लावून बघायचं. जुळलं नाही, तर घाबरायचं कारण नाही. किती फरक आहे यावरून बहुतेक वेळा कारण सापडतं.

फरक बरोबर एका दिवसाच्या खर्चाइतका असेल, म्हणजे अकरा-बारा किलो तांदळाचा, तर एखाद्या दिवसाचा खर्च लिहायचा राहिलाय किंवा दोनदा लिहिला गेलाय. हजेरीपटाशी ओळी लावून पाहा.

फरकाच्या ग्रॅमला नऊने पूर्ण भाग जात असेल, तर आधी लिहिण्यातली चूक शोधा. ७.१२० ऐवजी ७.२१० लिहिलं तर ९० ग्रॅमचा फरक पडतो. दशांश टिंबापुढची चूक तर फार होते. समजा, एके दिवशी लहान ५० आणि मोठी ३६ मुलं जेवली, डाळ २ किलो ८० ग्रॅम लागली. ती लिहायची २.०८०. घाईत कोणी २.८० लिहिलं, तर २ किलो ८०० ग्रॅम होतात आणि वहीतून ७२० ग्रॅम जास्तीचे वजा होतात. म्हणून टिंबापुढे नेहमी तीन आकडे लिहायचे.

फरक दर महिन्याला थोडाथोडा वाढतच असेल, तर मापाकडे बघा. डब्याने मोजलं की कोणी शिगोशीग भरतं, कोणी सपाट. रोज २०० ग्रॅम तांदूळ जास्त गेला, तरी पंचवीस दिवसांत पाच किलो होतात. डबा ठेवायचाच असेल, तर तो सपाट भरून काट्यावर बघा आणि त्यावर वजन लिहून ठेवा. तांदूळ आणि प्रत्येक डाळीचं वजन वेगळं भरेल.

कोठीत वहीपेक्षा जास्त धान्य निघालं, तर तेही बरं लक्षण नाही. वहीत पूर्ण प्रमाण लागलं आणि पातेल्यात कमी पडलं, असा त्याचा अर्थ होऊ शकतो. मुलांच्या ताटात तेवढं कमी आलं.

पुढची मागणी करताना शाळा गरजेतून वहीतली शिल्लक वजा करते. वहीत ४० किलो तांदूळ आहे आणि कोठीत नाही, तर पुढच्या वेळी ४० किलो कमी येतो. त्या शाळेत तो तीन-चार दिवसांचा भात आहे. चुकीचा आकडा कागदावर राहत नाही, तो मुलांच्या ताटापर्यंत जातो.

फरक सापडला तर जुना आकडा खोडून काळा करू नका, पांढरी शाई लावू नका. त्यावर एक आडवी रेघ मारून वर बरोबर आकडा लिहायचा आणि मुख्याध्यापकांची सही घ्यायची. खाली ओळीओळीने बदलत गेलेली शिल्लकही तशीच दुरुस्त करायची. कारण सापडलंच नाही, तर मोजलेलं वजन आणि फरक त्याच तारखेला शेऱ्यात लिहून ठेवायचा. दोन रिकाम्या दिवसांत खर्च वाढवून तो जिरवायचा नाही, कारण तो खर्च हजेरीपटाशी जुळत नाही आणि तपासणीत लगेच उघडा पडतो.

रोज धान्य काढताना एवढं करा. ताटांची संख्या वर्गातून मोजून आली की तांदूळ आणि डाळ काट्यावर घ्या, आकडा चिठ्ठीवर लिहा, आणि वहीत तोच चढला का ते शाळा सुटण्याआधी बघून या. चिठ्ठ्या महिनाभर एका तारेत ओवून ठेवा. ताळ्याच्या दिवशी त्याच कामी येतात.