क्षयात भूक का मरते?

भिवंडीतला एखादा यंत्रमाग कामगार घ्या. महिनाभर खोकला, संध्याकाळी बारीक ताप. तीन भाकऱ्या सहज संपवणारा हा माणूस आता अर्ध्या भाकरीवर ताट सरकवतो. 'खात नाही म्हणून खंगतोय' म्हणत घरचे रागावतात. हा राग त्याच्यावर अन्याय करणारा आहे, कारण त्याची भूक मेंदूतच दबली गेली आहे.

फुप्फुसात शिरलेले क्षयाचे जंतू आपल्याच संरक्षक पेशी गिळतात. गिळले तरी ते सहजासहजी मरत नाहीत. मग या पेशी टीएनएफ, इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६ अशी रसायने रक्तात सोडतात. यांतल्या टीएनएफचा खंगण्याशी असलेला संबंध १९८०च्या दशकात न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात अँथनी सेरामी आणि ब्रूस ब्यूटलर यांनी दाखवला.

मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमध्ये दोन प्रकारच्या चेतापेशी भुकेचा कारभार पाहतात. एक गट खायला लावतो, दुसरा पोट भरल्याचे कळवतो. या भागालगत रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा सैल असतो, त्यामुळे रक्तातली दाहक रसायने तिथे पोहोचतात. शिवाय मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचे अस्तर त्यांच्या प्रभावाने प्रोस्टाग्लँडिन तयार करते, तर व्हेगस चेतेतून शरीरातल्या दाहाची वर्दी थेट वर जाते. परिणाम असा, की पोट रिकामे असूनही 'भरले' असा निरोप जोरात वाजतो आणि भुकेची हाक क्षीण होते. घास समोर आला की मळमळते.

थोड्या दिवसांच्या आजारात ही व्यवस्था उपयोगी पडत असावी. १९७९ साली लिस्टेरिया जंतूंची लागण झालेल्या उंदरांना जबरदस्तीने भरवण्यात आले, तेव्हा ते अधिक संख्येने आणि लवकर मेले. पण हा निष्कर्ष क्षयाला लावणे घातक ठरेल. क्षयाचा जंतू दुप्पट व्हायला सुमारे वीस तास घेतो. शरीर त्याला गाठींमध्ये कोंडते आणि ही लढाई आठवडेच काय, महिनोन्‌महिने चालते. तोवर दाहाचे निरोपही थांबत नाहीत. खाणे घटलेले, आणि त्याच रसायनांमुळे स्नायूही झिजू लागलेले.

म्हणून भुकेवरचा खरा इलाज म्हणजे क्षयाची औषधे. जंतू घटले की दाह ओसरतो आणि बऱ्याच रुग्णांना काही आठवड्यांत पुन्हा जेवावेसे वाटते. झारखंडमधल्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या 'रेशन्स' अभ्यासात औषधांबरोबर शिधाही दिला होता. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन पाच टक्के वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी आढळला. आपल्या कामगाराचे वजन ४२ किलो असेल, तर ही वाढ जेमतेम दोन किलोंची. भरल्या ताटापेक्षा दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे, अंडे, दाण्याची चिक्की, वरण-भात तूप घालून, असे दिले तर ती आवाक्यात येते.

एक गोष्ट मात्र वेगळी ओळखावी लागते. परतलेली भूक औषधे चालू असताना पुन्हा गेली, सोबत उलट्या, गडद लघवी किंवा डोळ्यांत पिवळेपणा दिसला, तर तो यकृतावर औषधांचा ताण असू शकतो. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. औषधे थांबवायची की बदलायची, हे यकृताची तपासणी करून तेच ठरवतात.