भिंतीची चहाडी

भिंतीला तडा गेला की घरात लगेच दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, "हा तर आजोबांच्या वेळेपासूनच आहे." दुसरा म्हणतो, "काल एवढा नव्हता." पुरावा मात्र दोघांपाशीही नसतो, कारण काल तो तडा किती रुंद होता हे कोणी लिहून ठेवलेले नसते. जुना, स्थिर झालेला तडा बुजवून रंग दिला तरी चालते. हलणारा तडा बुजवला तर तो पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा उघडतो. म्हणून तडा किती मोठा आहे हे पाहण्याआधी तो अजून हलतो आहे का, हे ठरवावे लागते. ते ठरवण्याच्या साध्या साधनांना इंग्रजीत 'टेल-टेल' असे नाव आहे. टेल-टेल म्हणजे चहाडखोर. भिंतीचे गुपित बाहेर सांगणारा हा चहाडखोर किती विश्वासू असतो, याचा अनुभव आमच्या घरात आम्ही वर्षभर घेतला. तोच येथे सांगतो.

आमचे घर परभणी जिल्ह्यातील एका गावी, काळ्या मातीवर उभे आहे. पुढच्या दोन खोल्या आजोबांनी पक्क्या विटांत बांधल्या. मागचे स्वयंपाकघर वडिलांनी नंतर जोडले. त्याचा पाया उथळ आणि खाली भरावाची माती. २०२२ च्या जानेवारीत दोन तडे सर्वांच्या नजरेत आले. पहिला दक्षिणेच्या भिंतीत, खिडकीच्या कोपऱ्यापासून वर चढत गेलेला, वरच्या टोकाशी चार मिलिमीटर रुंद. दुसरा जुने घर आणि स्वयंपाकघर यांच्या सांध्यात, केसासारखा बारीक. आजीचे माहेर किल्लारीच्या बाजूचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाची पहाट तिच्या मनातून गेलेली नाही. दक्षिणेच्या खोलीत झोपायला तिने साफ नकार दिला. बांधकामाचा ठेका घेणाऱ्या एका गृहस्थांनी ती भिंत पाडून नवी बांधण्याचा अंदाज दिला. वर्षभराच्या कापसाचे पैसे त्यात जाणार होते.

त्याच गृहस्थांच्या गवंड्याने दोन्ही तड्यांवर काचेच्या पट्ट्या आडव्या लावल्या. ही रीत जुनी आहे. पातळ काचेची बोटभर पट्टी तड्यावर आडवी धरायची आणि तिची दोन्ही टोके प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या गोळ्यांत घट्ट बसवायची. काच फारशी ताणली जात नाही. दोन गोळ्यांमध्ये पाच सेंटिमीटर काच मोकळी असेल, तर मिलिमीटरच्या तीन-चार शतांशांएवढ्या ताणानेही ती तुटू शकते. आमची दक्षिणेकडील पट्टी तिसऱ्याच आठवड्यात तुटली. सांध्यावरची अखंड राहिली. झाले! भिंत पाडायचीच असे जवळजवळ ठरले.

आमच्या शेजारी तात्या राहतात. ते सरकारी नोकरीतून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले. बाबांनी त्यांना तुटलेली काच दाखवली, तेव्हा ते म्हणाले, "काच तुटली म्हणजे भिंत हलली, एवढंच कळलं. किती हलली? कुठल्या बाजूला? परत जागेवर आली का? हे काच कुठं सांगते?"

तात्यांचा मुद्दा समजून घेण्यासारखा आहे. काचपट्टी एकदाच बोलते आणि मग कायमची मुकी होते. शिवाय प्रत्येक भिंत थोडीफार हलतच असते. विटांची दहा मीटर लांब भिंत वीस अंशांनी तापली, तर ती सुमारे एक मिलिमीटरने वाढते. काच तुटायला त्याचा लहानसा अंशही पुरतो. म्हणजे नुसत्या उन्हानेही काच तुटेल आणि घरातली माणसे घाबरतील.

मग तात्यांनी सांध्यावरची अखंड पट्टी नखाने हलवून पाहिली. एका टोकाचा गोळा भिंतीवरून सुटलेला होता! गवंड्याने तो चुन्याच्या सफेदीवरच बसवला होता. सफेदीचा पापुद्रा निघाला, गोळा सरकला आणि काच शाबूत राहिली. काच तुटली नाही म्हणून भिंत हलली नाही असे म्हणता येत नाही, ते याचमुळे. पट्टी लावायचीच असेल तर रंग व गिलावा खरवडून थेट विटेवर लावावी, काचेवर तारीख लिहावी, आणि दर वेळी काचेइतकेच दोन्ही गोळेही तपासावेत.

यापेक्षा चांगले साधन म्हणजे मोजपट्टीचे टेल-टेल. त्यात पारदर्शक प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्या एकमेकींवर येतात. तड्याच्या एका बाजूला बसवलेल्या पट्टीवर मिलिमीटरच्या चौकटी आखलेल्या असतात, दुसरीवर एक फुली असते. फुली चौकटीत कोठे सरकली यावरून तडा किती उघडला आणि कडा वर-खाली किती सरकल्या, दोन्ही समजते. मात्र डोळ्याने अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक वाचन होत नाही, आणि तिरपे पाहिले तर तेही चुकते.

आमच्याकडे तात्यांनी त्याहून स्वस्त आणि बारीक उपाय केला. प्रत्येक तड्याभोवती त्यांनी पितळेचे तीन स्क्रू विटेत घट्ट बसवले: तड्याच्या डावीकडे एक, उजवीकडे दोन, एक वर आणि एक खाली. तिन्हींचा मिळून साधारण दहा सेंटिमीटर बाजूचा त्रिकोण होतो. स्क्रूंच्या डोक्यांमधील तिन्ही अंतरे व्हर्निअर कॅलिपरने मोजायची. कॅलिपर मिलिमीटरचा दहावा भाग सहज दाखवतो. उजवीकडच्या दोन स्क्रूंमधील अंतर बदलायला नको, कारण ते तड्याच्या एकाच बाजूला आहेत. ते बदललेले दिसले तर भिंतीवर संशय घेण्याआधी आपलेच मोजमाप पुन्हा करायचे. उरलेली दोन अंतरे तडा ओलांडून जातात. दोन्ही सारखीच वाढली तर तडा उघडतो आहे. एक वाढले आणि दुसरे घटले तर एक बाजू दुसरीच्या तुलनेत खाली किंवा वर सरकते आहे. कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही समजेल इतकी सोपी ही भूमिती आहे.

मोजण्याचे काम माझ्याकडे आले. दर पंधरा दिवसांनी, सकाळी सातच्या सुमारास, ऊन भिंतीवर येण्यापूर्वी मी वहीत तीन आकडे, तारीख आणि पाऊसपाण्याची एक ओळ लिहीत असे. फेब्रुवारी २०२२ च्या पहिल्या मापाला शून्य धरले. दक्षिणेच्या तड्याची दोन्ही अंतरे बरोबरीने वाढत गेली. मार्चअखेर तडा ०.४ मिलिमीटरने उघडला होता, एप्रिलअखेर १.१, मेअखेर १.८. घरात पुन्हा भिंत पाडण्याची बोलणी सुरू झाली. तात्या मात्र म्हणत, "पाऊस पडू द्या. माती काय म्हणते ते बघू."

काळी माती उन्हाळ्यात आकसते, शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. तीच माती पायाखालीही असते. तिचा कोपरा सुकला की त्या बाजूची भिंत किंचित खाली झुकते आणि तडा वर उघडतो. पावसाने माती फुगली की तो मिटू लागतो. जुलैअखेर आकडा १.० वर आला, सप्टेंबरअखेर ०.२ वर, आणि पुढच्या फेब्रुवारीत ०.१ वर. कॅलिपरच्या मोजमापात एवढा फरक धरावाच लागतो. भिंत वर्षभर हलली आणि जवळपास होती तिथे परत आली.

स्वयंपाकघराच्या सांध्याचे आकडे निराळे होते. वरचे अंतर घटत होते, खालचे वाढत होते. म्हणजे स्वयंपाकघर खाली खचत होते. मार्चमध्ये ०.२, मेमध्ये ०.५, जुलैत ०.९, सप्टेंबरमध्ये १.३. उन्हाळा असो वा पावसाळा, आकडा एकदाही मागे फिरला नाही. मातीचे ऋतुमान त्यात नव्हते. तात्यांनी मोरीजवळ खणायला लावले. सांडपाण्याचा नळ सांध्यात फुटलेला निघाला. पाणी भरावाच्या मातीत मुरत होते आणि ती दबत होती. ऑक्टोबरात नळ बदलला, भोवतीची जमीन फरशीने बंद केली. डिसेंबरमध्ये आकडा १.४ होता, पुढच्या फेब्रुवारीतही १.४.

जिच्यामुळे सारे घर धास्तावले होते ती तुटकी काच निरुपद्रवी तड्यावर होती. जिच्याकडे कोणी पाहिलेही नव्हते ती अखंड काच खऱ्या दुखण्यावर होती. तुटलेल्या काचेवर भरवसा ठेवून आम्ही दक्षिणेची भिंत नवी बांधली असती, तर कापसाचे पैसे गेले असते आणि स्वयंपाकघर खचतच राहिले असते.

ऋतूंची ही ये-जा काळ्या मातीपुरती नाही. इटलीतील फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलवरचा ब्रुनेलेस्कीचा घुमट १४३६ मध्ये पुरा झाला, आणि त्याच्या तड्यांची चिंता लोक शतकानुशतके करत आले. १९३४ च्या सुमारास पिएर लुइजी नेर्वी हे विख्यात अभियंते सदस्य असलेल्या समितीने मापे घेतली, तेव्हा तापमानाबरोबर ते तडे उघडतात-मिटतात असे दिसून आले. पुढे १९८० च्या दशकात तेथे दीडशेहून अधिक उपकरणे बसवण्यात आली. ऋतूची हालचाल वजा करून मागे वर्षानुवर्षे काय साचत जाते, हा प्रश्न तेथेही होताच. म्हणून मापे किमान एक पूर्ण वर्ष घ्यावी लागतात. आमची वही मे महिन्यात बंद झाली असती, तर तिनेही भिंत पाडायलाच सांगितले असते.

परंतु वर्षभर थांबणे नेहमीच शहाणपणाचे नसते. तडा आठवड्यात दोन-तीन मिलिमीटरने वाढला, बिनतक्रार मिटणारे दार एकाएकी अडकू लागले, तुळईचे टोक भिंतीवरून सरकलेले दिसले, तर आधी टेकू द्यावा, खोली रिकामी करावी आणि जाणत्या अभियंत्याला बोलवावे. मातीत बांधलेल्या जाड दगडी भिंतींबाबत तर आणखी सावध राहावे. अशा भिंतीची बाहेरची आणि आतली थर एकमेकींपासून सुटून पोट बाहेर येते, आणि तड्यावरचा स्क्रू ते सांगत नाही. तेथे ओळंबा सोडून भिंतीपासूनचे अंतर वरून खालपर्यंत मोजावे लागते.

आमच्या दक्षिणेच्या तड्यात तात्यांनी कडक सिमेंट भरू दिले नाही. ऋतूबरोबर हलणाऱ्या तड्यात ते भरले तर उन्हाळ्यात शेजारी नवा तडा पडतो. चुन्याचा मऊ गिलावा भरला, आणि तोही पावसाळा संपल्यावर. स्क्रू अजून जागेवर आहेत. मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून दोन मापे आता पुरतात. आजी दक्षिणेच्या खोलीत पुन्हा झोपू लागली आहे. मात्र माप घेतले की आकडा तिला मोठ्याने वाचून दाखवावा लागतो.