‘प्रीपेड टास्क’, ‘मर्चंट’, ‘अनफ्रीझ फी’ : घरबसल्या कामाच्या मेसेजमधली ठगांची इंग्रजी ओळखा

घरातल्या मुलामुलींच्या मोबाईलवर हल्ली इंग्रजीत एक मेसेज हमखास येतो. अनोळखी नंबर असतो, बहुतेक वेळा परदेशी कोडचा. पार्ट टाइम काम, रोज दोन-तीन हजार कमाई, अनुभवाची गरज नाही, फक्त हॉटेलांना किंवा दुकानांना मोबाईलवरून चांगले रेटिंग द्यायचे, असा मजकूर. इंग्रजी नीटनेटकी असते, शेवटी ‘एचआर मॅनेजर’ असे लिहिलेले असते. शिकलेली मुलेही फसतात, कारण यातला एकेक शब्द ऑफिसातला वाटतो. पण ठगांच्या बोलीत त्याच शब्दांचा अर्थ वेगळा असतो. तो अर्थ आज आपण समजून घेऊ.

एक उदाहरण धरू. बी.कॉम. झालेली एक मुलगी घरी राहून काम शोधते आहे. तिने मेसेजला ‘यस’ एवढेच उत्तर दिले. लगेच तिला टेलिग्रामवर पाठवले जाते. तिथे आधी भेटते ‘रिसेप्शनिस्ट’. नाव, वय, बँक आणि यूपीआय आयडी विचारून घेणे एवढेच तिचे काम. तीन हॉटेलांना फाइव्ह स्टार दिले की दीडशे रुपये खरोखर खात्यात येतात. मुलगी अम्मीला दाखवते, अम्मीलाही बरे वाटते.

हे दीडशे रुपये म्हणजे गळाला लावलेले आमिष. आणि ते कुठल्या कंपनीच्या खात्यातून येत नाहीत, कुणा तरी अनोळखी माणसाच्या खात्यातून येतात. हीच पहिली खूण. पगार देणारी कंपनी दर वेळी वेगळ्या व्यक्तीच्या यूपीआयवरून पैसे पाठवत नाही.

‘प्रीपेड टास्क’ आणि ‘मर्चंट टास्क’

दुसऱ्या दिवशी तिला एका ग्रुपमध्ये घेतात. तिथे ‘मेंटॉर’ असतो आणि पन्नास-शंभर ‘मेंबर’ रोज कमाईचे स्क्रीनशॉट टाकत असतात. त्यातले बहुतेक टोळीचेच असतात. आता काम बदलते. ‘प्रीपेड टास्क’ म्हणजे आधी तुम्ही पैसे भरायचे, नंतर ३० टक्के जास्त मिळणार. हजार भरले, तेराशे आले. तीन हजार भरले, एकोणचाळीसशे आले. इथपर्यंत तिला आधीचे दीडशे धरून साडेतेराशे रुपये फायदा झाला.

‘मर्चंट टास्क’, ‘वेल्फेअर टास्क’, ‘व्हीआयपी टास्क’ ही सगळी याच प्रकाराची वेगवेगळी नावे. नाव कोणतेही असो, कामाचा मोबदला मिळण्याआधी स्वतःच पैसे भरायला सांगितले की ती नोकरी नाही, एवढे लक्षात ठेवा.

‘कॉम्बिनेशन ऑर्डर’

खरी वसुली इथून सुरू होते. मेंटॉर सांगतो की या वेळी ‘कॉम्बिनेशन ऑर्डर’ लागली आहे, नशीबवान आहात, पण तीन टप्पे पूर्ण केल्याशिवाय पैसे काढता येणार नाहीत. पहिला टप्पा आठ हजारांचा, दुसरा बावीस हजारांचा, तिसरा पन्नास हजारांचा. पुढचे आकडे आधी कुणी सांगत नाही. आठ हजार अडकले म्हणून बावीस भरले जातात, आणि ते अडकले म्हणून पन्नास. शिवाय त्यांच्या वेबसाइटवर तिच्या नावापुढे १,०४,००० रुपये शिल्लक दिसते. हा आकडा फक्त पडद्यावर आहे. तिचे ऐंशी हजार केव्हाच दुसऱ्या खात्यांत गेलेले असतात.

ग्रुपमधल्या दोघा-तिघांनाही याच वेळी तीच ऑर्डर लागलेली असते. ‘तुम्ही भरले नाही तर आमचेही पैसे अडकतील,’ असे ते म्हणतात. आपल्या माणसाला नडेल ते हेच. दुसऱ्याचे नुकसान आपल्यामुळे नको, म्हणून मुलगी कुणाकडून तरी उसने घेते.

‘क्रेडिट स्कोअर’, ‘अनफ्रीझ फी’ आणि ‘टॅक्स’

पैसे काढायला गेल्यावर उत्तर येते, ‘तुम्ही चुकीचे बटण दाबले, तुमचा क्रेडिट स्कोअर १०० वरून ८० झाला, खाते फ्रीझ आहे.’ खरा क्रेडिट स्कोअर कर्जाच्या परतफेडीवर ठरतो. भारतात तो ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो आणि पैसे भरून एका दिवसात वाढत नाही. इथे मात्र तो ‘रिपेअर’ करायला तीस हजार मागतात. तेही भरले की १,०४,००० वर २० टक्के ‘विड्रॉल टॅक्स’, म्हणजे आणखी २०,८०० रुपये.

इथे एक साधा प्रश्न विचारा : टॅक्स त्याच शिलकीतून कापून घ्या आणि बाकीचे द्या, असे म्हटले तर? ठग कधीच तयार होणार नाही. कारण कापायला तिथे पैसेच नाहीत.

‘अकाउंट ऑन रेंट’ : मुलांना सर्वात जास्त सांभाळायचे इथे

हे पैसे ज्या खात्यांत जातात ती ठगांच्या स्वतःच्या नावावर नसतात. त्यासाठी वेगळे मेसेज फिरतात : करंट अकाउंट हवे, लिमिट जास्त हवी, प्रत्येक व्यवहारावर कमिशन. ‘गेमिंग फंड’, ‘स्टॉक फंड’ असे शब्द त्यात असतात. अर्थ एकच, फसवणुकीचा पैसा तुमच्या खात्यातून फिरवायचा. अशा खात्याला पोलीस आणि बँका ‘म्यूल अकाउंट’ म्हणतात. पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम दुसऱ्याच्या हातात दिले की गुन्ह्याचा माग सर्वात आधी आपल्याच दारात येतो. ‘मला माहीत नव्हते, मी फक्त खाते दिले’ एवढ्याने सुटका होत नाही. कॉलेजात शिकणाऱ्या मुलांना हे स्पष्ट सांगा.

आणि आपल्या उदाहरणातल्या मुलीचे ते सुरुवातीचे दीडशे रुपये? ते दुसऱ्या एखाद्या फसलेल्या माणसाचे असू शकतात. त्याने तक्रार केली की त्या पैशांच्या मागावर हिच्या खात्यावरही ‘होल्ड’ लागू शकतो.

पैसे गेले असतील तर

त्याच तासात १९३० वर फोन करा. कोणत्या खात्यातून, किती वाजता, किती रक्कम गेली आणि प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर नंबर हाताशी ठेवा. यूपीआयच्या व्यवहारात तो बारा आकडी असतो आणि अॅपच्या हिस्टरीत सापडतो. मग cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा, आपल्या बँकेलाही कळवा. पैसा पुढच्या खात्यात असेपर्यंत तो अडवता येतो. रोख काढला किंवा क्रिप्टोत बदलला की परत मिळणे फार अवघड होते. चॅट डिलीट करू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा.

काही दिवसांनी ‘रिकव्हरी एजंट’ नावाने फोन येईल, गेलेले पैसे मिळवून देतो, आधी फी भरा. तोही त्याच धंद्यातला. १९३० वर तक्रार करायला एक रुपयाही लागत नाही.

आणि घरातल्या मोठ्यांना एक विनंती. मुलीने येऊन सांगितले तर आधी फोन लावा, रागवायचे ते नंतर. अब्बा काय म्हणतील या भीतीने ती दोन दिवस गप्प राहिली, तर तेवढ्यात पैसा हाताबाहेर जातो.