भिजलेल्या साड्या एकतीस मार्चला कितीच्या?

अखेरच्या शिल्लक मालाची किंमत लावताना ‘मूळ किंमत किंवा बाजारभाव, यांपैकी जे कमी ते’, हे वाक्य वाणिज्य शाखेत शिकलेल्या प्रत्येकाने पाठ केलेले असते. गोंधळ होतो तो त्यातल्या ‘बाजारभाव’ या शब्दाने. आज तोच माल घाऊक बाजारात कितीला मिळेल, असा अर्थ बरेच जण घेतात. हिशेबाच्या लेखामानक दोनमध्ये मात्र निव्वळ वसूल मूल्य असा शब्दप्रयोग आहे: माल विकून, विकण्याचा खर्च वजा जाता, आपल्या हातात किती पडेल, ती रक्कम.

समजा, आपले साड्यांचे दुकान आहे. फेब्रुवारीत गोदामाच्या छताजवळचा नळ फुटला आणि ४० साड्यांवर पाण्याचे डाग पडले. त्यांची किंमत कशी ठरवायची, ते क्रमाने पाहू.

आधी मोजणी. भिजलेला माल वेगळ्या रॅकवर ठेवा, नग मोजा, फोटो काढा आणि तारीख घालून यादी करा. हे काम कंटाळवाणे आहे, म्हणून टाळले जाते. पण पुढे लेखापरीक्षक किंवा आयकर अधिकारी पहिल्यांदा हीच यादी मागतात.

मग मूळ किंमत. बिलात व्यापारी सूट वजा जाऊन एका साडीला ८८० रुपये पडले, वाहतूक आणि हमाली २० रुपये. म्हणजे ९०० रुपये. बिलावरच्या जीएसटीचे क्रेडिट आपण घेतले असेल, तर तो कर या किमतीत धरायचा नाही.

आता विक्रीचा अंदाज. चांगली असती तर ही साडी १,३०० रुपयांना गेली असती. डागामुळे गिऱ्हाईक ७०० देईल. पण तेवढ्यासाठीही ती ड्राय-क्लीन करून रोलप्रेस करावी लागेल, ६० रुपये. विकून देणाऱ्याची पाच टक्के दलाली ३५ रुपये. हातात उरतात ६०५. दुकानाचे भाडे आणि वीजबिल इथे वजा करू नका. ते साड्या विकल्या नाहीत तरी द्यावेच लागतात.

९०० आणि ६०५ यांत ६०५ कमी. ४० साड्यांचे मूल्य ३६,००० ऐवजी २४,२०० धरायचे. ११,८०० रुपयांचा तोटा याच वर्षाचा.

सगळ्यात जास्त चूक होते ती यापुढच्या पायरीवर. दुकानात १०० चांगल्या साड्याही आहेत. मूळ किंमत प्रत्येकी १,१००, दलाली जाऊन वसूल होणारी १,४२५. काही जण सगळा माल एकत्र करून तुलना करतात. एकूण मूळ किंमत १,४६,००० येते आणि एकूण वसूल मूल्य १,६६,७००. कमी ते १,४६,०००, म्हणून तोटा नाहीच! चांगल्या साड्यांच्या अजून न झालेल्या नफ्याने डागाळलेल्या साड्यांचा तोटा झाकला गेला. तुलना एकेका प्रकाराची स्वतंत्रपणे करायची असते: २४,२०० अधिक १,१०,०००, म्हणजे १,३४,२००.

नोंद करताना आणखी एक खड्डा आहे. अखेरचा साठा १,३४,२०० दाखवला की ढोबळ नफा आपोआप ११,८०० ने घटतो. त्यानंतर ‘माल नुकसान’ म्हणून तीच रक्कम पुन्हा खर्ची टाकली, तर एकच तोटा दोनदा बसतो. ताळेबंद जुळलेला दिसतो, त्यामुळे ही चूक सहज सापडत नाही. नफ्याचे प्रमाण गेल्या वर्षीपेक्षा अचानक घसरले असेल, तर आधी इथे बघा.

हिशेब पुरे होण्याआधी, एप्रिलमध्ये, त्यातल्या दहा साड्या प्रत्यक्षात ६५० ला गेल्या, तर ७०० चा अंदाज धरून बसू नका. नुकसान मार्चपूर्वीचेच होते आणि त्याची खरी किंमत त्या विक्रीने दाखवली, अंदाज सुधारा. नळ एप्रिलमध्ये फुटला असता, तर मात्र मार्चच्या साठ्याला हात लावायचा नव्हता.

काही साड्या फाटून विकण्याजोग्या राहिल्याच नाहीत आणि आपण त्या हिशेबातून पूर्ण काढून टाकल्या, तर त्यांच्यावर घेतलेले जीएसटी क्रेडिट परत करावे लागते. केंद्रीय जीएसटी कायद्याचे कलम १७(५)(एच) त्यासाठीच आहे, आणि छोट्या दुकानांत ते हमखास विसरले जाते.

पुढच्या मार्चला उरलेल्या साड्यांचा हिशेब नव्याने करायचा. तोवर त्या प्रकाराला मागणी येऊन वसूल मूल्य १,००० झाले, तरी पुस्तकात किंमत ९०० च लागेल.