दाढेतली चांदी काढावी की ठेवावी?

मागच्या महिन्यात रात्री साडेनऊला आमच्या मोठ्या जाऊबाईंचा फोन आला. आवाज घाबराघुबरा. "अगं, माझ्या तोंडात विष आहे म्हणे! दाढांमध्ये जी चांदी भरलीय ना, तिच्यात निम्मा पारा असतो. आज मेसेज आला सगळ्यांना."

मेसेज आल्यावर ताई गप्प बसल्या नव्हत्या. जिल्ह्याच्या गावी एका दवाखान्यात जाऊन आल्या होत्या. तिथे सांगितलं, सहाही दाढांतली चांदी दोन बैठकांत काढून टाकू, दाताच्या रंगाचं मटेरियल भरू, आणि पारा बाहेर पडावा म्हणून तीन महिने पावडरी घ्या. खर्चाचा आकडा ऐकून मीच खाली बसले. ताईंचं वय सत्तेचाळीस. गेलं वर्षभर त्यांना थकवा येतो, झोप लागत नाही, गॅसवर दूध ठेवून विसरतात. हे सगळं पाऱ्यामुळेच, अशी त्यांची खात्री पटली होती.

मेसेज पूर्ण खोटाही नव्हता. आपण जिला चांदी म्हणतो, तिला डॉक्टर अमलगम म्हणतात. चांदी, कथील आणि तांबं यांची बारीक भुकटी करून ती पाऱ्यात कालवतात. तिचा मऊ गोळा होतो, तो दाढेच्या खड्ड्यात दाबून बसवतात आणि थोड्या वेळात तो दगडासारखा कडक होतो. वजनाने साधारण निम्मा पारा, हे खरं. पण तो थर्मामीटरमधला पळता पारा राहत नाही, दुसऱ्या धातूंशी बांधला जातो. थर्मामीटर फुटल्यावर बांगडीला पारा लागला आणि सोनं पांढरं पडलं, हे आपल्यापैकी बऱ्याच जणींनी पाहिलंय. धातूला पारा असाच धरतो.

तरी थोडीशी वाफ निघते. चावताना, गरम चहा पिताना, आणि झोपेत दात खाणाऱ्यांच्या तोंडात जरा जास्त. ही वाफ श्वासाबरोबर फुप्फुसात जाते आणि तिचा बराचसा भाग रक्तात मिसळतो. गंमत म्हणजे चांदीचा तुकडा निघून चुकून गिळला गेला, तर त्यातून जवळजवळ काहीच शरीरात शोषलं जात नाही, तो शौचावाटे बाहेर पडतो. म्हणजे काळजी करायची ती वाफेची. तोंडात बऱ्याच दाढा भरलेल्या असल्या तरी ही वाफ दिवसाला साधारण एक ते पाच मायक्रोग्रॅम भरते. एक मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग.

एवढ्याने काही बिघडतं का? हे पाहायला मुलांवर दोन मोठे अभ्यास झाले, एक अमेरिकेत आणि एक पोर्तुगालच्या लिस्बनमध्ये. दोन्हींत मिळून हजारावर मुलं होती. ज्यांच्या दाढा किडल्या होत्या, अशा मुलांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला चांदी भरली, दुसऱ्याला पांढरं मटेरियल. मग अमेरिकेत पाच वर्षं आणि लिस्बनमध्ये सात वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. बुद्ध्यांक, स्मरणशक्ती, हातांची हालचाल, मूत्रपिंडाचं काम, सगळं तपासत राहिले. निकाल २००६ साली छापून आले. चांदीवाल्या मुलांच्या लघवीत पारा थोडा जास्त सापडला, पण बुद्धीत, स्मरणात किंवा वागण्यात दोन गटांमध्ये फरक दिसला नाही. वाढत्या मेंदूच्या मुलांमध्ये सात वर्षांत फरक पडला नाही, तर ताईंच्या विसरण्याचं खापर सहा दाढांवर फोडणं घाईचं होतं.

मला त्याहून महत्त्वाचा वाटला तो जर्मनीतला अभ्यास, कारण तो ताईंसारख्यांवरच झाला. २००८ साली छापला गेला. आपला थकवा, डोकेदुखी, झोप न लागणं हे दाढेतल्या पाऱ्यामुळेच आहे, असं मानणारे नव्वद जण होते. त्यांचे तीन गट केले. एका गटाची सगळी चांदी काढली. दुसऱ्याची काढली आणि वर पारा बाहेर काढायला म्हणून जीवनसत्त्वं वगैरे दिली. तिसऱ्या गटाच्या दाढांना हातच लावला नाही, फक्त आहार, व्यायाम आणि मन शांत ठेवणं शिकवलं. वर्षभरानंतर तिन्ही गटांना बरं वाटू लागलं होतं आणि सुधारणेत म्हणण्यासारखा फरक नव्हता. ज्यांची चांदी काढली, त्यांच्या रक्तातला पारा मात्र कमी झाला होता. तक्रारी खऱ्या होत्या, माणसं खोटं बोलत नव्हती. पण पारा कमी झाल्यामुळे त्यांना जास्त बरं वाटलं, असं काही दिसलं नाही.

ताईंनी लगेच हुकमी प्रश्न टाकला, "मग युरोपात बंदी का घातली?" प्रश्न रास्त आहे. नॉर्वेने २००८ मध्ये, स्वीडनने २००९ मध्ये चांदी भरणं बंद केलं आणि १ जानेवारी २०२५ पासून युरोपियन युनियनमध्येही अगदी वैद्यकीय गरज असल्याशिवाय ती भरत नाहीत. पण त्यामागचं मोठं कारण नदी आणि मासे. दवाखान्याच्या बेसिनमधून आणि दहनातून पारा बाहेर पडतो, पाण्यात जातो, तिथे जंतू त्याचं दुसऱ्या, जास्त विषारी रूपात रूपांतर करतात आणि ते माशांत साठतं. जपानमधल्या मिनामाता गावात लोक अपंग झाले ते असे मासे खाऊन, तिथे पारा सोडणारा कारखाना होता. त्या गावाच्या नावाने २०१३ साली पारा कमी करण्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला, भारतही त्यात आहे.

म्हणून आता नवी चांदी कोणी भरून घेऊ नये, याची यादी मात्र लक्षात ठेवा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये ती दिली. गर्भवती, लवकरच मूल होऊ देण्याचा विचार असलेल्या, अंगावर पाजणाऱ्या बायका, मुलं आणि त्यातही सहा वर्षांखालची, ज्यांना मेंदू-मज्जातंतूंचा किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे ते, आणि ज्यांना पाऱ्याची ॲलर्जी आहे ते. त्याच निवेदनात असंही म्हटलंय, की आधीची चांदी धड असेल तर ती काढू नका. कारण काढतानाच सगळ्यात जास्त वाफ निघते. ड्रिलने धातू तापतो, रक्तातला पारा पुढचे दोन-तीन दिवस चढतो आणि मग दोनेक महिन्यांत आधीपेक्षा खाली येतो. शिवाय प्रत्येक वेळी चांगल्या दाताचा थोडा भाग कोरला जातोच. आज छोटा खड्डा, मग मोठा, मग रूट कॅनाल, मग कॅप. पांढरं मटेरियल दिसायला छान, पण मागच्या दाढांत ते चांदीच्या मानाने लवकर बाद होतं आणि त्याच्या कडेला पुन्हा कीड लागण्याचं प्रमाणही जास्त, हे अभ्यासांत दिसलंय. भरताना दाढ अगदी कोरडी ठेवावी लागते, थुंकी लागली की पकड जाते.

मी ताईंना आमच्या गावातल्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्यांनी आधी पावडरीचा कागद वाचला आणि बाजूला ठेवला. मग आरसा आणि एक टोकदार सळई घेऊन एकेक दाढ पाहिली, दोन एक्स-रे काढले. चार दाढांतली चांदी काळपट झाली होती, पण कड घट्ट होती, सळई कुठे अडकत नव्हती. "काळी पडली म्हणजे सडली नाही हो," त्या म्हणाल्या. "चांदीची ताटलीही काळी पडतेच ना? या चौघींना सोडा." हिरडीवर एक निळसर डाग होता. तो चांदीचे कण कातडीत बसल्याचा, निरुपद्रवी.

पाचव्या, उजवीकडच्या दाढेची कड तुटून फट पडली होती. ताईंना तिथे बरेच दिवस अन्न अडकत होतं आणि भाकरी चावताना एकदम कळ येत होती. एक्स-रेत चांदीच्या खाली कीड दिसली. ही बदलायलाच हवी होती. पारा असो वा नसो, तुटलेली भर बदलावीच लागते.

सहावी दाढ डावीकडची. तिला टेकणाऱ्या गालाच्या आतल्या बाजूला जाळीसारख्या पांढऱ्या रेघा होत्या आणि तिखट लागलं की तिथे आग होई. बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "मिश्री लावता का?" ताईंनी आधी नाही म्हटलं, मग हळूच, "लग्नाआधी लावायचे." हा प्रश्न टाळू नका. तंबाखूनेही गालावर पांढरा डाग येतो आणि तो कॅन्सरकडे जाऊ शकतो. पण ताईंच्या रेघा बरोबर चांदी जिथे घासते तिथेच, बाकी तोंड स्वच्छ. ही धातूची कातडीवर उठलेली प्रतिक्रिया असू शकते आणि अशा वेळी चांदी बदलली की बहुतेकदा ती निवळते. "बदलून तीन महिने पाहू," बाई म्हणाल्या. "गेलं नाही, तर तुकडा काढून तपासायला पाठवू."

काढायची रीतही त्यांनी समजावून सांगितली. दाढेभोवती रबराचा पातळ पडदा, ड्रिलवर सतत पाण्याचा फवारा, जोराची ओढ असलेली नळी तोंडाजवळ. चांदी सगळी भुकटी करत बसायची नाही, दोन-तीन चिरा पाडून तुकडे उचलायचे. एका दिवशी एकच दाढ. तुमच्या डॉक्टरांना हे आधी विचारायला हरकत नाही. गर्भारपणात, दाढ ठणकत नसेल तर, जुनी चांदी काढू नये.

जाता जाता बाईंनी विचारलं, "गोरं व्हायचं क्रीम कुठलं लावता?" मला हे विचित्र वाटलं. पण केरळात मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ च्या सुमारास बिननावाच्या गोरेपणाच्या क्रीममुळे लोकांची मूत्रपिंडं बिघडली होती, क्रीममध्ये पारा होता. लघवीत पारा खरंच खूप वाढलेला निघाला, तर सहा दाढांआधी त्या डबीकडे पाहावं. आणि एक. काही ठिकाणी आधी पारा ओढणारं औषध देऊन मग लघवी तपासतात. त्यात आकडा कोणाचाही फुगतो, तो दाखवून घाबरवणं सोपं असतं.

ताईंची मिश्री सुटलेली होती आणि क्रीम साधंच निघालं. बाईंनी थकव्यासाठी त्यांना फॅमिली डॉक्टरांकडे रक्त तपासायला पाठवलं. हिमोग्लोबिन ८.९. पाळी वर्षभर पंधरा-पंधरा दिवसांनी येत होती, हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. आता लोहाच्या गोळ्या चालू आहेत, सोनोग्राफी झाली. दोन दाढा बदलून झाल्या. गालावरच्या रेघा फिकट झाल्यात, पुढच्या महिन्यात पुन्हा दाखवायचंय. बाकीच्या चार दाढा अजून जशाच्या तशा आहेत.