निर्णयप्रधान इतिवृत्त

निर्णयप्रधान इतिवृत्त म्हणजे सभेत कोण काय बोलले याच्या क्रमवार नोंदीऐवजी सभेने काय ठरवले, ते कोणी व कधीपर्यंत करायचे, एवढेच मांडणारे इतिवृत्त होय. अनेक संस्थांमध्ये सभेची पहिली नोंद संवादरूप असते. अशा नोंदीतून निर्णय व कार्यवाहीच्या बाबी वेगळ्या काढणे हे केवळ मजकूर लहान करण्याचे काम नाही. बोलण्याच्या ओघात आलेल्या वाक्यांपैकी कोणते वाक्य सभेला बांधील करते, हे ठरवण्याचे ते काम आहे.

## पार्श्वभूमी

हेन्री मार्टिन रॉबर्ट यांच्या १८७६ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या सभानियमांच्या पुस्तकातून रूढ झालेल्या परंपरेनुसार इतिवृत्तात मुख्यतः सभेत काय केले गेले याची नोंद असावी, काय बोलले गेले याची नव्हे. भारतात कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम ११८ नुसार कंपनीच्या इतिवृत्तात कामकाजाचा योग्य व अचूक सारांश असणे अपेक्षित आहे. संचालक मंडळाच्या सभेत एखाद्या ठरावाला असहमती दर्शवणाऱ्या संचालकांची नावेही नोंदवावी लागतात. म्हणजे संक्षेपात संवाद गळला तरी विरोध गळत नाही.

## वाक्यांचे वर्गीकरण

संवादरूप नोंद वाचताना प्रत्येक विधान चारपैकी एका गटात टाकले जाते. सभेने मान्य केलेली गोष्ट म्हणजे निर्णय. एखाद्या व्यक्तीने स्वीकारलेले काम म्हणजे कार्यवाही. निर्णयाला आधार देणारी वस्तुस्थिती म्हणजे माहिती. चर्चा होऊनही न ठरलेली गोष्ट म्हणजे अनिर्णित बाब. यांत न बसणारी विधाने, उदाहरणार्थ जुन्या तक्रारी किंवा एकच मुद्दा पुन्हा मांडणे, वगळली जातात.

मराठी बोलण्यात या गटांच्या सीमा सहज पुसट होतात. ‘बघू या’ हा बहुधा निर्णय नसतो. ‘हरकत नाही’ हे एका सदस्याचे मत असते, सभेची संमती नव्हे. ‘करून टाकू’ असे अध्यक्ष म्हणाले आणि त्यानंतर चर्चा पुढे चालूच राहिली, तर निर्णय झाला की नाही हे पुढच्या ओळींवरून ठरते. ‘आठ दिवसांत’ याचा अर्थ व्यवहारात बहुधा एक आठवडा असा असल्याने, संबंधिताला विचारून दिनांक लिहिणे आवश्यक ठरते.

## उदाहरण

पुढील उदाहरण काल्पनिक आहे. एका सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या व्यवस्थापक समितीची सभा ३ फेब्रुवारी रोजी झाली व सात सदस्य उपस्थित होते. खर्च समितीच्या अधिकारमर्यादेत आहे, असे गृहीत धरले आहे. गच्चीवरील पाण्याच्या टाकीच्या गळतीविषयीची मूळ नोंद अशी :

> सचिवांनी तीन दरपत्रके वाचून दाखवली : पहिले १,८५,००० रुपये, दुसरे २,१०,००० रुपये, तिसरे १,६०,००० रुपये. तिसऱ्याने हमी दिलेली नाही, असे ते म्हणाले. कोषाध्यक्ष म्हणाले, दुरुस्ती निधीत २,४०,००० रुपये आहेत. एक सदस्य म्हणाले, मागच्या वेळीही स्वस्तातले काम घेतले आणि वर्षभरात टाकी पुन्हा गळली. दुसरे सदस्य म्हणाले, आधी टाकीची संरचनात्मक तपासणी करा, त्याशिवाय आपला विरोध राहील. अध्यक्ष म्हणाले, पहिल्यालाच देऊ, पण पाच वर्षांची हमी लेखी घ्या. सहा जणांनी हात वर केले. सचिव म्हणाले, आठ दिवसांत बोलून घेतो. काम चालू असताना पाणी बंद राहील, टँकरचे कोणीतरी बघायला हवे, असे एका सदस्याने सांगितले. बघू या, असे अध्यक्ष म्हणाले.

सचिवांकडून दिनांकाची खात्री केल्यानंतर त्याचे निर्णयप्रधान रूप असे होते :

> विषय ४ : पाण्याच्या टाकीची दुरुस्ती
>
> निर्णय : पाच वर्षांची लेखी हमी मिळण्याच्या अटीवर पहिल्या दरपत्रकानुसार १,८५,००० रुपयांचे काम देण्यात येईल. खर्च दुरुस्ती निधीतून होईल. बाजूने ६, विरोधात १ (कारण : आधी संरचनात्मक तपासणी व्हावी).
>
> आधार : सर्वांत कमी दरपत्रकात (१,६०,००० रुपये) हमी नाही. निधीत २,४०,००० रुपये शिल्लक.
>
> कार्यवाही : कंत्राटदाराकडून लेखी हमी मिळवणे. जबाबदारी सचिवांची, मुदत ११ फेब्रुवारी.
>
> अनिर्णित : कामाच्या काळातील टँकरची व्यवस्था. जबाबदारी ठरलेली नाही.

‘पण’ या शब्दानंतर आलेली हमीची बाब येथे निर्णयाची अट म्हणून टिकवली आहे. ती गळली असती, तर हमी न घेताही काम देता येईल असा अर्थ निघाला असता. सर्वांत कमी दर का नाकारला याचे कारण दोन छोट्या वाक्यांत ठेवले आहे, कारण पुढील वार्षिक सर्वसाधारण सभेत किंवा लेखापरीक्षणात हाच प्रश्न विचारला जाण्याची शक्यता असते. मागील दुरुस्तीची आठवण वगळली आहे, कारण निर्णयाचा अर्थ तिच्यावाचून बदलत नाही. टँकरचे काम मात्र कोणाच्याही नावावर लिहिलेले नाही. मसुदा लिहिणाऱ्याने ते सोयीसाठी सचिवांच्या नावे टाकले असते, तर सभेने न घेतलेला निर्णय नोंदीत शिरला असता.

## सामान्य दोष

सर्वाधिक आढळणारा दोष म्हणजे कर्त्याचा लोप. ‘योग्य ती कार्यवाही करण्यात यावी’ या कर्मणी रचनेत काम कोणाचे हे कळत नाही व पुढील सभेत उत्तर देणारा कोणीच उरत नाही. कार्यवाहीच्या ओळीत एक व्यक्ती किंवा पद, एक काम व एक दिनांक असावा. जबाबदारी ‘समिती’वर टाकल्यास दोष तसाच राहतो.

दुसरा दोष याच्या उलट असतो. नोंद नेटकी दिसावी म्हणून सूचनेला निर्णयाचे आणि मौनाला एकमताचे रूप दिले जाते. मतदान किंवा स्पष्ट संमती मूळ नोंदीत सापडत नसेल, तर ‘एकमताने’ हा शब्द वापरता येत नाही.

## पडताळणी

मसुदा तयार झाल्यावर तो उलट दिशेने तपासला जातो. संक्षेपातील प्रत्येक रक्कम, दिनांक, नाव व अट मूळ नोंदीतील कोणत्या ओळीतून, किंवा नंतरच्या कोणत्या खातरजमेतून आली, हे दाखवता आले पाहिजे. यानंतर सभेला अनुपस्थित असलेल्या सदस्याने केवळ हा मसुदा वाचून स्वतःचे काम ओळखावे, अशी चाचणी घेता येते.

पुढील सभेत मागील इतिवृत्त वाचून कायम केले जाते. या वेळी नोंद अचूक आहे का एवढेच पाहिले जाते. जुना निर्णय बदलायचा असल्यास तो स्वतंत्र विषय म्हणून घ्यावा लागतो. इतिवृत्त कायम होईपर्यंत मूळ संवादरूप नोंद जपून ठेवल्यास मतभेद सोडवणे सोपे जाते.

## मर्यादा

जेथे उच्चारलेले शब्द हेच महत्त्वाचे असतात, तेथे ही पद्धत लागू पडत नाही. विधिमंडळातील चर्चा आणि शिस्तभंगाच्या चौकशीतील प्रश्नोत्तरे शब्दशः ठेवली जातात, कारण संक्षेप करणाऱ्याची निवडच तेथे पुराव्याचा अर्थ बदलू शकते. अशा कामकाजात निर्णयांची यादी शब्दशः नोंदीला जोडता येते, पण ती तिची जागा घेत नाही.